वजन आपोआप उतरतंय? ज्येष्ठांच्या घटत्या वजनाचा हिशोब आणि डॉक्टरकडे कधी जायचं

म्हातारपणात माणूस वाळतोच, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य अगदी थोडं आहे. साठी-सत्तरीनंतर निरोगी माणसाचं वजन उतरतं ते वर्षाला साधारण १०० ते २०० ग्रॅम. दहा वर्षांत एक-दोन किलो. त्यामुळे सत्तरीच्या माणसाचं वजन सहा महिन्यांत चार किलोने घटलं, तर त्याचं खापर वयावर फोडता येत नाही. काहीतरी कारण असतं आणि बहुतेक वेळा ते शोधता येतं. कर्करोग हे त्यातलं एक कारण आहे, पण एकमेव नाही. दात, गोळ्या, उदासी, क्षयरोग, साखर, थायरॉइड आणि नको इतकं पथ्य हीसुद्धा तितकीच खरी कारणं आहेत, आणि यातली बरीचशी दुरुस्त होणारी आहेत.

इथे विषय आहे तो मनात नसताना घटणाऱ्या वजनाचा. कुणी ठरवून चालायला लागलं, गोड सोडलं आणि वजन उतरलं, तर ती वेगळी गोष्ट. मात्र एक खबरदारी घ्या. ‘मी डाएट करतोय’ हे उत्तर ज्येष्ठांच्या तोंडून आलं, तर ते एकदा तपासून पाहा. भूकच मेलेली असते आणि तिला पथ्याचं नाव दिलेलं असतं, असं अनेकदा घडतं. चातुर्मासात एकवेळ जेवणाऱ्यांचं वजन थोडं उतरणं समजू शकतं, पण चातुर्मास संपून दोन महिने झाले तरी ते भरून येत नसेल, तर उपास हे कारण उरत नाही.

आधी वजन खरंच घटलंय का ते पाहा

वजनकाटा कडक, सपाट फरशीवर ठेवा. सतरंजी किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा चुकतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहा-नाश्त्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत आणि अनवाणी वजन करा. शाल, स्वेटर, खिशातली किल्ली-मोबाइल काढून ठेवा. दर वेळी काटा तोच हवा. घरचा काटा आणि दवाखान्यातला काटा यांच्यात दीड-दोन किलोचा फरक निघू शकतो आणि त्यातून विनाकारण घबराट होते किंवा खोटा दिलासा मिळतो. रोज वजन करू नका, कारण दिवसागणिक किलोभर इकडेतिकडे होतंच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी केलं आणि कॅलेंडरवर लिहिलं की पुरे.

जुनं वजन माहीत नसेल तर फाइल उघडा. रक्तदाब-मधुमेहाच्या प्रत्येक चिठ्ठीवर बहुधा कोपऱ्यात वजन लिहिलेलं असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीतही ते सापडतं. तिथेही नसेल तर कपडे सांगतात: पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं का, ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घ्यावं लागलं का, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, कवळी बोलताना हलते का. या खुणांवरून किलो कळत नाहीत, पण गेल्या किती महिन्यांतला बदल आहे याचा अंदाज नक्की येतो.

ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी शिवणकामाची टेप घ्या. खुर्चीवर बसवून, गुडघा काटकोनात आणि तळवा जमिनीवर टेकलेला असताना पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. टेप टेकवायची, आवळायची नाही. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर स्नायू झिजल्याची शक्यता धरून चालावं. पायाला सूज असेल तर मात्र हे माप फसवतं.

सूज वजनालाही फसवते. हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठतं. आतून मांस झिजत असतं आणि काटा मात्र ‘वजन स्थिर आहे’ म्हणतो. चेहरा बसलेला, दंड-मांड्या बारीक आणि घोटे मात्र सुजलेले असं दिसलं, तर काट्यावर विश्वास ठेवू नका. उलट बाजूही आहे: लघवी वाढवणारी गोळी सुरू झाल्यावर चार दिवसांत तीन किलो उतरले, तर ते पाणी गेलं, मांस नव्हे.

मुलं परगावी किंवा परदेशी असतील तर व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा दिसतो, तोही दिव्याच्या उजेडात. आईवडिलांना महिन्यातून एकदा काट्यावर उभं राहून आकडा कॅमेऱ्याला दाखवायला सांगा. ‘बरी आहे रे मी’ या उत्तरापेक्षा त्या आकड्यातून जास्त कळतं.

टक्का काढा

तीन किलो म्हणजे किती, हे मूळ वजनावर ठरतं. ८० किलोच्या माणसाला तीन किलो फार नाहीत, ४२ किलोच्या आजीला खूप आहेत. म्हणून हिशोब टक्क्यात करायचा:

```
(आधीचं वजन − आताचं वजन) ÷ आधीचं वजन × १००
```

सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के किंवा त्याहून जास्त घट झाली असेल आणि ती ठरवून केलेली नसेल, तर डॉक्टरकडे जायचं, मग दुसरा एकही त्रास नसला तरी. १० टक्क्यांच्या पुढे घट गेली असेल तर ती गंभीर मानतात. आकड्याइतकाच वेग महत्त्वाचा. एकाच महिन्यात ५ टक्के गेले, तर वर्षभरात ५ टक्के जाण्यापेक्षा ते जास्त घाईचं आहे. आणि माणूस मुळातच किडकिडीत असेल, तर ५ टक्के व्हायची वाट पाहू नका. त्याच्याकडे गमावायला फारसं शिल्लक नसतं.

किती घाई करायची

काही गोष्टींत त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पाणीसुद्धा गिळता येत नाही, दोन दिवस जवळजवळ काहीच पोटात गेलेलं नाही, उलटीतून रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडतंय, शौचाला डांबरासारखं काळं, चिकट आणि उग्र वासाचं होतंय (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, पण ते असं चिकट नसतं, शंका असेल तर दाखवाच), माणूस अचानक गोंधळला, सुस्तावला किंवा उभं राहताच कोसळला, लघवी फारच कमी झाली. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत आणि जेवण मात्र बंद आहे, हीसुद्धा तातडीचीच वेळ. रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की धोका सुरू होतो, आणि ती आणखी उतरली तर शुद्ध हरपू शकते. ‘आता जगून काय करायचं’ असं बोलणंही याच यादीतलं आहे. ते म्हातारपणाचं रडगाणं समजून सोडून देऊ नका. अशा वेळी माणसाला एकटं ठेवू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आठवड्याच्या आत दाखवायच्या गोष्टी वेगळ्या. महिन्याभरात ५ टक्के घट. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री अंग भिजवणारा घाम. डोळे किंवा लघवी पिवळी होणं, पोट दुखत नसलं तरी. न दुखता झालेली कावीळ आणि घटतं वजन ही जोडी स्वादुपिंडाकडे बोट दाखवू शकते. शौचातून किंवा लघवीतून रक्त, पाळी जाऊन वर्षानुवर्षं झाल्यावर पुन्हा रक्तस्राव, मानेत-काखेत-स्तनात गाठ, शौचाची सवय अचानक बदलणं. साठीनंतर पहिल्यांदाच मधुमेह निघाला आणि सोबत वजनही उतरतंय, तर नुसती गोळी सुरू करून घरी येऊ नका. असं का झालं, हे डॉक्टरांना विचारा.

बाकीच्यांनी, म्हणजे ५ टक्के घट आहे पण वरचं काहीच नाही अशांनी, दोन-तीन आठवड्यांत वेळ घेऊन नीट तपासणी करावी. घट ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर महिनाभर वजन लिहा, आणि आलेख खालीच जात असेल तर जा.

खातात का, खाववत नाही का, की खायचंय पण जमत नाही?

डॉक्टरकडे जाण्याआधी घरच्यांनी एवढा एक निवाडा केला, तर अर्धं काम होतं. चार दिवस ताटाकडे लक्ष द्या. काय वाढलं ते नव्हे, ताटात काय उरलं ते पाहा.

पहिला प्रकार, जेवण पूर्वीसारखं किंवा जास्तच आहे आणि तरी वजन उतरतंय. इथे साखर वाढलेली असणं, थायरॉइड जास्त काम करणं किंवा खाल्लेलं अंगी न लागणं ही कारणं पुढे येतात. सारखी तहान, रात्री तीन-चार वेळा लघवीला उठणं ही साखरेची खूण. थायरॉइड ज्येष्ठांमध्ये हमखास फसवतं: तरुणांसारखी थरथर, घाम, चिडचिड दिसतेच असं नाही. नुसता थकवा, अनियमित ठोके आणि घटतं वजन, एवढंच दिसू शकतं. ज्यांना कमी थायरॉइडसाठी गोळी चालू आहे, त्यांचा डोस जास्त झाला तरी हेच होतं. शौच पातळ, तेलकट, पाण्यावर तरंगणारं आणि संडासात चिकटणारं असेल, तर पचनाचा प्रश्न आहे.

दुसरा प्रकार, भूकच नाही. हा सगळ्यात मोठा गट, आणि गुंतागुंतीचाही. क्षयरोग, कर्करोग, हृदय-फुप्फुस-मूत्रपिंडाचे जुने आजार, बद्धकोष्ठता आणि उदासी हे सगळे इथे येतात. ज्येष्ठांमधली उदासी रडण्यातून क्वचितच बाहेर येते. ती ‘पोटात गॅस धरतो’, ‘तोंडाला चव नाही’, ‘नको वाटतं’ अशी बोलते. दोन प्रश्न विचारून पाहा: गेले दोन आठवडे मन खिन्न असतं का? पूर्वी आवडायचं ते, भजन असो, नातवंडं असोत की क्रिकेटची मॅच, आता नकोसं झालंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ते डॉक्टरांना सांगा. जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात याकडे जास्तच लक्ष द्यावं. क्षयरोगाबाबतीतही वय फसवतं. खोकला किरकोळ, ताप जाणवत नाही आणि वजन व भूक मात्र गेलेली, असं चित्र असू शकतं. थुंकीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

तिसरा प्रकार, भूक आहे पण खाणं जमत नाही. तोंड उघडायला लावा आणि टॉर्च घेऊन बघा: हलणारे दात, हिरड्यांवर जखमा, जिभेवर पांढरा थर, सैल कवळी. कवळीचं एक दुष्टचक्र असतं. वजन उतरलं की हिरड्या आक्रसतात, कवळी सैल होते, चावताना टोचते, म्हणून माणूस भाकरी, डाळी, मांस सोडून चहा-बिस्किटांवर येतो आणि वजन आणखी उतरतं. गिळताना अडकत असेल तर आधी काय अडकायला लागलं ते विचारा. आधी भाकरी, मग मऊ भात, मग पेज अशा क्रमाने अडथळा वाढत गेला असेल, तर अन्ननलिका अरुंद होत असण्याची शंका येते आणि दुर्बिणीची तपासणी लवकर लागते. याउलट पाणी-चहालाच ठसका लागतो पण भात जातो, तर गिळण्याच्या नसा-स्नायूंचा प्रश्न असतो. तो पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सनमध्ये दिसतो. हात थरथरतात म्हणून आमटीचा चमचा तोंडापर्यंत पोचत नाही, दिसत नाही म्हणून ताटातली चटणी राहून जाते, एकट्यासाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, गुडघ्यामुळे बाजारात जाववत नाही, ही कारणंही याच गटातली. ती कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाहीत. स्मृतिभ्रंशात तर जेवलो की नाही हेच आठवत नाही, आणि वजन घटणं हे विसरभोळेपणाच्याही आधी सुरू झालेलं असू शकतं.

गोळ्यांची पिशवी

डॉक्टरकडे जाताना नुसती चिठ्ठी नेऊ नका, सगळी पिशवी न्या: गोळ्या, आयुर्वेदिक चूर्ण, गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली वेदनाशामकं, शेजारणीने दिलेली पुडीसुद्धा. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनने भूक मरते, पोट बिघडतं. वर्षानुवर्षं घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे वजन उतरणं हा त्यांचा स्वभावच आहे. सेमाग्लुटाइड भूकच कमी करतं. लठ्ठ माणसाला हे फायद्याचं, ४५ किलोच्या आजोबांना नाही. हृदयासाठीची डिगॉक्सिन, दम्याची थिओफिलिन, स्मृतिभ्रंशाची डोनेपेझिल, नैराश्यावरची फ्लुऑक्सेटिन यांनीही भूक जाऊ शकते. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेट गोळी भरपूर पाण्याबरोबर न घेता आडवं झालं, तर अन्ननलिकेला जखम होते आणि गिळणं दुखतं.

यातली कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. काम एवढंच: कुठली गोळी कधी सुरू झाली आणि वजन कधीपासून उतरलं, या दोन तारखा शेजारी-शेजारी लिहून न्यायच्या.

उलटा धोकाही असतो. वजन घटलं की जुना डोस जड होतो. रक्तदाबाच्या त्याच गोळीने आता उभं राहताच चक्कर येते, साखरेच्या त्याच गोळीने पहाटे साखर खाली जाते. इथेच एक गोड गैरसमज होतो: ‘साखर छान कंट्रोलमध्ये आली’ म्हणून घरचे खूश होतात, पण साखर उतरलेली असते ती जेवण बंद झाल्यामुळे.

एक प्रकरण, सुरुवातीपासून

समजा, ७१ वर्षांच्या एक काकू आहेत. सात महिन्यांपूर्वीच्या चिठ्ठीवर वजन ५६ किलो, आता त्याच काट्यावर ५१.२. घट ४.८ किलो, म्हणजे ८.६ टक्के. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.६ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आलेली, म्हणून सगळे निश्चिंत. खोकला नाही, ताप नाही, पोट दुखत नाही.

चार दिवस ताट पाहिलं तर भाकरी उरते, उसळ उरते, वरणाचं पाणी आणि मऊ भात तेवढा जातो. टॉर्चने पाहिलं तर खालची कवळी सैल आणि हिरडीवर एक व्रण. सगळ्यांना वाटतं, सापडलं कारण! इथे थांबणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. ज्येष्ठांमध्ये दोन-तीन कारणं एकत्र नांदतात आणि सहज दिसणारं कारण दुसऱ्याला झाकून टाकतं.

डॉक्टरांनी पहिल्या टप्प्यातल्या तपासण्या सांगितल्या: रक्ताचा संपूर्ण अहवाल, शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह आहे का हे सुचवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, साखर, मूत्रपिंड व यकृताचं कार्य, कॅल्शियम, थायरॉइडसाठी टीएसएच, लघवी, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, शौचातलं छुपं रक्त. यातली प्रत्येक तपासणी साधी आहे आणि तालुक्याच्या गावीही बहुतेक होतात. काकूंचं बाकी सगळं ठीक, पण हिमोग्लोबिन ९.८, लाल पेशी आकाराने लहान, आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९. म्हणजे लोह कमी.

दुसरी नेहमीची चूक इथे होते: लोहाच्या गोळ्या लिहून पाठवणी. पाळी थांबून वीस वर्षं झालेल्या बाईच्या किंवा कुठल्याही ज्येष्ठ पुरुषाच्या शरीरातून लोह जातंय, तर ते कुठून जातंय हे शोधलंच पाहिजे, आणि ती जागा बहुधा पोटात किंवा आतड्यात असते. पिशवी उलटी केली तेव्हा तळाशी डायक्लोफेनॅकची पाकिटं निघाली. गुडघ्यांसाठी काकू रोज एक-दोन गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून घेत होत्या. दुर्बिणीतून पाहिल्यावर जठरात व्रण दिसला. वेदनाशामकांनी होणारा व्रण ज्येष्ठांमध्ये कधी कधी दुखत नाही. वेदनाशामकच वेदना दाबून ठेवतं.

व्रणाच्या कडेचे तुकडे तपासायला पाठवले. कर्करोग नाही, पण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू निघाला. दोन आठवडे प्रतिजैविकं, पुढे आम्ल कमी करणारी गोळी, डायक्लोफेनॅक कायमचं बंद. वरचं कारण सापडलं तरी मोठ्या आतड्याचीही दुर्बीण केली, कारण या वयात दोन्ही टोकं पाहिल्याशिवाय लोहाचा हिशोब पूर्ण होत नाही. ते स्वच्छ निघालं. आठ आठवड्यांनी जठराची दुर्बीण पुन्हा केली. हे टाळायचं नसतं: जठरातला व्रण खरंच भरला का हे डोळ्यांनी पाहिलं जातं, कारण काही वेळा कर्करोगच आधी साध्या व्रणासारखा दिसतो.

दरम्यान ग्लिमेपिराइड थांबवलं, कवळीला आतून नवा थर देऊन घट्ट बसवली आणि लोह सुरू केलं. वजन परत यायला महिने लागतात. अशा माणसाचं वजन तीन महिन्यांत दोनेक किलो वाढलं तर ते चांगलं म्हणायचं.

तपासण्या चालू असताना ताटात काय बदलायचं

सगळ्यात आधी पथ्यं सैल करायला डॉक्टरांची परवानगी मागा. मधुमेह म्हणून भात बंद, रक्तदाब म्हणून मीठ बंद, कोलेस्टेरॉल म्हणून तूप-अंडं बंद, संधिवात म्हणून डाळी बंद. चार डॉक्टरांची आणि दोन शेजाऱ्यांची पथ्यं एकाच ताटात जमली की खायला उरतं काय? वाळत चाललेल्या माणसाला आज उपाशी राहण्याचा धोका दहा वर्षांनंतरच्या कोलेस्टेरॉलपेक्षा मोठा असतो.

अंदाज म्हणून वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३० कॅलरी आणि १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं धरा. काकूंच्या ५१ किलोंना म्हणजे साधारण १,५०० कॅलरी आणि ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा. भूक नसलेल्या माणसाला मोठं ताट वाढून उपयोग नाही, ते पाहूनच पोट भरतं. घास तेवढेच ठेवून घासात भर घालायची. मऊ भात-वरणावर चमचाभर तूप (सुमारे ४५ कॅलरी), भाजी-आमटीत दोन मोठे चमचे शेंगदाण्याचं कूट (सुमारे ११० कॅलरी आणि ५ ग्रॅम प्रथिनं), पेलाभर दुधात दोन चमचे दूध पावडर (आणखी ५ ग्रॅम प्रथिनं). ताटाचा आकार न वाढता दिवसाला दोनशेहून जास्त कॅलरी वाढतात. वरणाचं पाणी नको, घट्ट वरण द्या. पिठलं, मुगाची मऊ खिचडी, दुधात शिजवलेली नाचणी, दुधात कुस्करलेली भाकरी, अंड्याची मऊ भुर्जी, काटे काढलेला मासा हे सगळं कवळीविना जातं.

जेवणाआधी तासभर चहा, सूप, ताक देऊ नका. तेवढ्यानेच पोट भरतं. दिवसात पाच-सहा वेळा थोडं-थोडं द्या आणि सकाळी भूक जास्त असते असं दिसलं तर मुख्य जेवण सकाळी ठेवा. शक्य तर सोबत बसून जेवा.

एका बाबतीत मात्र घाई करायची नाही. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या, फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपेट जेवण किंवा पावडरींचे पेले सुरू केले, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम एकदम खाली जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांना थोड्यावरून सुरुवात करायची आणि तीही डॉक्टरांच्या नजरेखाली, रक्त तपासत.

भूक वाढवणारं गुलाबी सिरप हा आपल्याकडचा लाडका उपाय. त्यात बहुधा सायप्रोहेप्टाडिन असतं. ज्येष्ठांना त्याने गुंगी, गोंधळ, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं आणि पडणं हे सगळं होऊ शकतं, आणि मूळ आजार मात्र तसाच राहतो. औषधाच्या दुकानातून ते आणू नका. ‘चार दिवसांत भूक लागते’ अशी हमी असलेल्या बिननावाच्या पुड्यांपासूनही दूर राहा. त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्याने भूक लागते खरी, पण साखर चढते आणि आत दडलेला क्षयरोग भडकतो.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर

असं बऱ्याचदा होतं. साधारण चारातल्या एकाचं कारण पहिल्या फेरीत सापडत नाही. नीट तपासणी आणि वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या खरोखरच निर्दोष असतील, तर मोठा कर्करोग दडून बसला असण्याची शक्यता बरीच कमी होते. म्हणून लगेच संपूर्ण शरीराचं स्कॅन किंवा ‘कर्करोग मार्कर’ नावाच्या रक्तचाचण्यांचं पॅकेज करायला धावू नका. ते मार्कर कर्करोग नसतानाही वाढतात आणि असतानाही कधी कधी नॉर्मल येतात. हाती लागते ती नवी शंका आणि नवं बिल.

करायचं ते हे: दात, मनःस्थिती, गोळ्या आणि स्मरणशक्ती या चार गोष्टी पुन्हा एकदा तपासून घ्यायच्या, कारण पहिल्या भेटीत घाईत सुटतात त्या याच. वजन दर आठवड्याला लिहायचं. डॉक्टरांकडची पुढची तारीख आधीच ठरवून घ्यायची. पहिली फेरी महिन्याने, मग तीन आणि सहा महिन्यांनी. मधल्या काळात वजन आणखी २ टक्क्यांनी घसरलं किंवा गिळणं, कावीळ, रक्त, ताप यातलं काही नवं दिसलं, तर तारखेची वाट न पाहता जुनी फाइल आणि वजनाचं कॅलेंडर घेऊन परत जायचं.